खेडा खरेदी (खानदेश)

खेडा खरेदी : शेतकऱ्याच्या दारात किंवा गावातल्या काट्यावर व्यापाऱ्याने केलेली कापसाची खरेदी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत गणेश चतुर्थीच्या आसपास मुहूर्ताच्या खरेदीने तिची सुरुवात होते आणि शेवटची फरदड निघेपर्यंत ती चालते. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यानुसार बाजार समितीच्या क्षेत्रात परवान्याशिवाय शेतमालाचा व्यापार करता येत नाही. घेतलेल्या मालावर बाजार शुल्क भरावे लागते आणि वजन व मालाच्या पैशांचा चुकारा नियमाप्रमाणे करावा लागतो. खेडा खरेदी करणाऱ्यांपैकी काहींकडे परवाना असतो, अनेकांकडे नसतो. पावती तर क्वचितच मिळते. सरकारी केंद्रावर हमीभाव असतानाही शेतकरी यांनाच माल का घालतो, याचे नेमके उत्तर व्यवहारखर्चाच्या कल्पनेतून मिळते.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये दाखवून दिले की बाजारात व्यवहार करणे फुकट नसते. गिऱ्हाईक शोधणे, भाव कळणे, मालाची प्रत ठरवून घेणे, सौदा जुळवणे आणि ठरलेले पैसे वसूल करणे यांत वेळ, पैसा आणि काळजी खर्च होते. या कामासाठी आणि नंतरच्या लेखनासाठी त्यांना १९९१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा व्यवहारखर्च कोणत्याही भावफलकावर लिहिलेला नसतो. फलकावर हमीभाव दिसतो, शेतकरी मात्र हातात किती उरेल ते पाहतो.

भारतीय कापूस महामंडळाच्या म्हणजे सीसीआयच्या केंद्रावर माल घालायचा तर आधी नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधार, सातबारा आणि त्यावर कापसाचा पेरा लागतो. माल नेल्यावर ग्रेडर ओलावा तपासतो. आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे शेकडा एक याप्रमाणे कपात होते आणि बारा टक्क्यांच्या वर माल परत जातो. पैसे नंतर आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. यातला प्रत्येक नियम स्वतंत्रपणे पाहिला तर रास्तच आहे. ओला कापूस गाठीत पिवळा पडतो आणि पेऱ्याची नोंद नसेल तर व्यापारीच शेतकरी बनून माल घालतील. पण पहिली-दुसरी वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास होते. तेव्हा परतीचा पाऊस नुकताच सरलेला असतो, सकाळी दव पडते आणि ओलावा जास्तच भरतो.

उदाहरण म्हणून एक हिशेब मांडू. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. पुढचे बाकीचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. एका शेतकऱ्याकडे सहा क्विंटल कापूस आहे आणि ओलावा ११ टक्के आहे. तीन टक्के कपात होऊन केंद्रावर त्याला सुमारे ७,२९५ रुपये पडतील. गावातला व्यापारी दारात रोख ६,८०० देतो. क्विंटलमागे ४९५ म्हणजे सहा क्विंटलवर २,९७० रुपयांचा फरक पडला. आता पिकअपचे भाडे १,५००, हमाली ३००, गाडी रात्रभर रांगेत थांबली त्याचे ५०० आणि स्वतःची बुडालेली रोजंदारी ४०० धरली, तर २,७०० रुपये गेले. वेचणीवाल्या बायांची मजुरी किलोला दहा रुपयांप्रमाणे ६,००० होते. ती आठवड्याच्या बाजाराआधी द्यायची असल्याने पंधरा दिवसांसाठी दरमहा शेकडा तीनने पैसे उचलले की आणखी ९० गेले. शिल्लक राहिले १८० रुपये. यात माल नाकारला जाण्याचा धोका अजून धरलेलाच नाही. माल परत आला तर हे २,७०० तर जातातच, वर परतीचे १,५०० लागतात आणि शेवटी कापूस त्याच व्यापाऱ्याच्या दारात जातो. पाचांतून एकदा असे घडेल असे धरले, तर केंद्रावर जाण्यात सरासरी सातशेच्या आसपास तोटाच होतो.

काटेकोर बोलायचे तर गाडीभाडे हा वाहतूकखर्च आहे, व्यवहारखर्च नाही. पण मालाची प्रत केंद्रावर पोहोचेपर्यंत कळत नाही म्हणून जे परतीचे भाडे बसते, ते व्यवहारखर्चातच मोडते.

हेच गणित पंचवीस क्विंटलला उलटते. तेव्हा फरक १२,३७५ रुपयांचा होतो, ट्रॉली एकच लागते आणि कागदपत्रे व रांग तेवढीच. नोंदणी, खेप आणि वाट पाहणे यांचा खर्च मालाच्या वजनाप्रमाणे वाढत नाही. म्हणून मोठा बागायतदार केंद्रावर दिसतो आणि थोडा-थोडा कापूस वेचून विकणारा कोरडवाहू शेतकरी खेडा खरेदीत दिसतो. थोडा माल साठवून एकदम न्यावा, तर घर लहान असते, भरलेल्या कापसाने पोराबाळांच्या अंगाला खाज सुटते आणि आगीची धास्ती राहते. बटाईने शेती करणाऱ्याची अडचण याहून मोठी असते. सातबारा मालकाच्या नावावर असल्याने मालक राजी झाल्याशिवाय केंद्राचा दरवाजा त्याच्यासाठी उघडतच नाही.

खेडा खरेदीचा भाव हमीभावाच्या किती खाली जाऊ शकतो, हेही यावरूनच ठरते. केंद्रावर जाण्याचा खर्च आणि धोका मिळून जेवढा होतो, साधारण तेवढेच व्यापाऱ्याला कापता येते. त्याहून जास्त कापले तर शेतकरी गाडी भरतो. जवळच्या गावी केंद्र सुरू झाले किंवा थंडी पडून माल सुकला की दारातला भाव चढतो, तो म्हणूनच. बाजारभावच हमीभावाच्या वर गेला, जसा २०२१-२२ मध्ये दहा हजारांच्या पुढे गेला, तेव्हा हा प्रश्नच उरत नाही.

खेडा खरेदीलाही स्वतःचा व्यवहारखर्च आहे आणि तो निर्दय आहे. काटा मारला जातो, 'कवडी आहे' म्हणजे कापूस किडका-डागी आहे असे सांगून कट्टी लावली जाते, म्हणजे वजनात घट धरली जाते. सर्वांत मोठा घाव उधारीचा असतो. भाव वाढेल या आशेने माल 'नंतरच्या भावाने' दिला आणि व्यापारी परागंदा झाला, तर हातात पावती नसते आणि समितीकडे दाद मागायला पुरावा नसतो. ही जोखीम कमी करण्यासाठी माणसे ओळखीच्या, त्याच गावच्या किंवा भाऊबंदातल्या व्यापाऱ्याला धरतात. कायद्याच्या हमीची जागा इथे अब्रू घेते आणि ती दरवेळी पुरी पडते असे नाही.

या स्पष्टीकरणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. व्यापारी बाजार शुल्क चुकवतो, त्या बचतीचा काही भाग भावात उतरतो आणि तेवढी स्पर्धा खोटी असते. शिवाय ज्याने बियाण्या-खतासाठी त्याच व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, तो दोन भावांची तुलना करून निवड करतो असे म्हणणे चूक आहे. त्याचा माल पेरणीच्या वेळीच बांधला गेलेला असतो.

नुसत्या बंदीने काय होते, हे खानदेशाने पाहिले आहे. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती आणि खासगी व्यापाऱ्याला कापूस विकणे गुन्हा होता. योजनेत चुकारे हप्त्यांनी आणि पुष्कळदा उशिरा मिळत. शेजारी गुजरात आणि मध्य प्रदेश हे दोन मोकळे बाजार होते. बाहेर भाव चढला की कापूस सातपुड्याच्या वाटेने मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडे आणि पश्चिमेला गुजरातेत जाई. इथला हमीभाव वरचढ झाला की तोच ओघ उलटा फिरे आणि बाहेरचा कापूस राज्यात शिरे. नाक्यावरच्या तपासणीमुळे हा व्यापार बंद पडला नाही. नाका ओलांडण्याचा खर्च तेवढा व्यापाऱ्याच्या हिशेबात भरला गेला आणि तो शेतकऱ्याच्या भावातून वजा झाला.