गायतोंडेंच्या चित्राची किंमत ठरते कशी?

१९ डिसेंबर २०१३ रोजी क्रिस्टीजने भारतातला आपला पहिला लिलाव मुंबईत घेतला. त्यात वासुदेव गायतोंडे यांचं १९७९ सालचं एक तैलचित्र होतं. कॅटलॉगमध्ये अंदाज छापला होता साडेसहा ते साडेआठ कोटी रुपये. चित्र गेलं सुमारे २३ कोटी ७० लाखांना.

मग अंदाज चुकला का? तसं म्हणता येत नाही. एक तर अंदाज फक्त बोलीचा असतो, आणि जाहीर झालेल्या रकमेत लिलावगृहाचं कमिशनही धरलेलं असतं. दुसरं म्हणजे अंदाज थोडा खालीच ठेवण्यात शहाणपण असतं. विक्रेत्याची गुप्त राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली चित्र विकायचं नाही तो आकडा, सहसा खालच्या अंदाजाच्या वर नसते. त्यामुळे आकडा आवाक्यातला दिसला की जास्त लोक बोलीत उतरतात आणि दोघेजण इरेला पेटले तर किंमत कुठल्या कुठे जाते. उलट अंदाज चढा लावला आणि बोलीच आली नाही, तर चित्र न विकता परत जातं. बाजार हे विसरत नाही. तेच चित्र पुढे पुन्हा आलं की ग्राहक आधीच बिचकलेला असतो. छापलेला आकडा मनात घर करतो, तसाच जुना भावही. बेग्ज आणि ग्रॅडी या अर्थतज्ज्ञांनी पुन्हा विकायला आलेल्या चित्रांचे भाव तपासले, तेव्हा मागच्या विक्रीची किंमत नव्या किंमतीला आपल्याकडे ओढते, असं त्यांना आढळलं.

गॅलरीचं काम याच्या नेमकं उलट, सावकाशीचं. गायतोंडेंची चित्रं मुंबईच्या पंडोल गॅलरीने वर्षानुवर्षं सांभाळली. चांगली गॅलरी भाव हळूहळू चढवते आणि तो उतरू नये याची काळजी घेते, कारण भाव पाडला तर आधी घेतलेले ग्राहक दुखावतात. चित्र कोणाच्या हाती जातं, हेही ती बघते. लगेच लिलावात काढणाऱ्यापेक्षा जपून ठेवणारा संग्राहक तिला हवा असतो. पाच लाखांच्या आसपास कलाकारांच्या प्रदर्शनांचा २०१८ सालचा एक अभ्यास सांगतो, की सुरुवातीलाच नावाजलेल्या संस्थांत शिरकाव झालेले कलाकार पुढेही बहुधा वरच्याच वर्तुळात राहतात. कडेला सुरुवात झालेल्यांपैकी बहुतेक जण काही वर्षांत प्रदर्शनांतून दिसेनासे होतात. मला हे फार अस्वस्थ करतं, कारण यात चित्राचा दर्जा नेमका किती, हे वेगळं काढताच येत नाही.

आणि समीक्षक? परीक्षण आलं म्हणून दुसऱ्या दिवशी भाव चढत नाही. त्याचा परिणाम कॅटलॉगच्या बारीक अक्षरांत दिसतो. चित्राखाली आधीचे मालक, प्रदर्शनं आणि कुठे लिहून आलं, याच्या नोंदी असतात. ज्ञानेश्वर नाडकर्णींनी गायतोंडेंवर लिहिलेली पुस्तिका ललित कला अकादमीने काढली, ती मोठे भाव येण्याच्या कितीतरी आधी. २००१ मध्ये गायतोंडे गेले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१५ मध्ये, त्यांचं १९९५ सालचं एक चित्र २९ कोटींच्या वर गेलं.

ही वाढ गुगेनहाइममुळेच झाली, असं मात्र म्हणता येणार नाही. दोन्ही चित्रं वेगळी, काळ वेगळा, बोली लावणारे वेगळे. खात्री करायची तर तेच चित्र दोनदा विकलेलं हवं, आणि गायतोंडे तर वर्षाला मोजकीच चित्रं काढायचे.