३५ टक्क्यांचा स्तंभ एवढा बुटका का दिसतो?

२०१२ साली अमेरिकेत फॉक्सच्या वाहिनीवर एक स्तंभालेख दाखवला गेला. त्याचा स्क्रीनशॉट आजही संख्याशास्त्राच्या वर्गांमध्ये फिरतो. विषय होता आयकराचा. बुश यांच्या काळातली करसवलत संपली तर सर्वांत वरच्या उत्पन्नगटाचा कर किती होईल, हे दोन स्तंभांत दाखवलं होतं. डावीकडे ‘आत्ता’, ३५ टक्के. उजवीकडे ‘१ जानेवारी २०१३’, ३९.६ टक्के. डावा स्तंभ जमिनीलगत बसलेला, उजवा त्याच्या पाचपटीहून उंच. आकडे न वाचता नुसतं चित्र पाहणाऱ्याला वाटणार, कर पाचपट होणार!

आकड्यांत एकही चूक नव्हती. उभ्या अक्षाच्या तळाशी शून्याऐवजी ३४ लिहिलेलं होतं, एवढंच. म्हणजे डाव्या स्तंभाच्या ३५ भागांपैकी ३४ भाग जमिनीखाली गेले आणि वर उरला १. उजव्याचे उरले ५.६. डोळ्यांना दिसलं १ विरुद्ध ५.६, आणि खरं होतं ३५ विरुद्ध ३९.६.

अक्षावर ३४ छापलेलं होतं, मग फसवणूक कसली, असं कोणी म्हणेल. हा बचाव मला पटत नाही. स्तंभालेखात आकडा सांगण्याचं काम स्तंभाची लांबी करते. आपण आधी लांबी बघतो, दुप्पट लांब म्हणजे दुप्पट जास्त असं मनात धरतो आणि मग, वेळ असेल तर, अक्षाकडे वळतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगमालिकेत लोकांना कापलेल्या अक्षाबद्दल आधी समजावून सांगितलं होतं. तरीही त्यांना फरक वाजवीपेक्षा मोठाच वाटत राहिला. इशाऱ्याने परिणाम कमी झाला, पण नाहीसा झाला नाही.

स्क्रीनशॉटची अडचण याहून मोठी असते. हातोहात फिरताना त्याच्या कडा कापल्या जातात आणि पहिला बळी बाजूच्या अक्षाचा जातो. उरतात दोन स्तंभ आणि त्यांवर लिहिलेले आकडे. पण तेवढ्यावरूनही अक्ष कुठून सुरू झाला होता हे काढता येतं, आणि त्यासाठी साधी मोजपट्टी पुरते.

समजा, हाच आलेख पडद्यावर मोठा करून मोजला आणि डावा स्तंभ १० मिलिमीटर, उजवा ५६ मिलिमीटर भरला. दोन्हींच्या उंचीत फरक ४६ मिलिमीटरचा आणि आकड्यांत ४.६ चा. म्हणजे या चित्रात १० मिलिमीटर म्हणजे एक टक्का. डावा स्तंभ १० मिलिमीटरचा आहे, तेव्हा त्याचा तळ ३५ च्या एक टक्का खाली, म्हणजे ३४ वर. अक्ष दिसत नसतानाही त्याचा पहिला आकडा हाती आला. हिशेबात तळ शून्याच्या आसपास आला असता तर आलेख सरळ आहे असं म्हणता आलं असतं.

पुढचा प्रश्न, फुगवलं किती? एडवर्ड टफ्टी या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये यासाठी एक माप सुचवलं. चित्रात दिसणारी वाढ भागिले आकड्यांतली वाढ. इथे चित्रात स्तंभ १ वरून ५.६ वर गेला, म्हणजे ४६० टक्के वाढ. आकडा ३५ वरून ३९.६ वर गेला, म्हणजे साधारण १३ टक्के वाढ. भागाकार येतो ३५. प्रामाणिक चित्रात तो १ असतो. टफ्टींच्या मते तो १.०५ च्या वर किंवा ०.९५ च्या खाली गेला की चित्र बिघडलं.

हा ३५ योगायोगाने आलेला नाही. लहान स्तंभाची खरी लांबी ३५, दिसणारी १, आणि त्यांचा भागाकार ३५. कापलेल्या अक्षाच्या कुठल्याही आलेखात हे माप एवढंच सांगतं, की लहान स्तंभ कितपट आखूड केला आहे. त्यात त्याची मर्यादाही दिसते. अक्ष ३४.९ पासून सुरू केला असता तर हेच माप ३५० झालं असतं. म्हणून ३५ आणि ३५० यांची तुलना करत बसण्यात अर्थ नाही. आकडा १ पासून फार दूर आहे, एवढं कळलं की पुरे.

आणखी एक उदाहरण फॉक्सचंच, मार्च २०१४ मधलं. ओबामा यांच्या आरोग्यविमा योजनेत तोवर ६० लाख लोकांनी नावं नोंदवली होती आणि महिनाअखेरचं लक्ष्य ७०.६६ लाखांचं होतं. या आलेखात अक्ष मुळातच नव्हता, आणि ६० लाखांचा स्तंभ दुसऱ्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा दिसत होता. एक स्तंभ ३० मिलिमीटर आणि दुसरा ९० धरू. फरक ६० मिलिमीटर म्हणजे १०.६६ लाख, म्हणून ३० मिलिमीटर म्हणजे ५.३३ लाख. तळ आला सुमारे ५४.७ लाखांवर. लक्ष्याचे ८५ टक्के गाठलेले असताना पाहणाऱ्याला दिसत होते ३३.

मोजताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. चित्र उभं ताणलेलं किंवा दाबलेलं असलं तरी बिघडत नाही, कारण दोन्ही स्तंभ सारख्याच प्रमाणात ताणले जातात. टीव्हीचा तिरका फोटो किंवा त्रिमितीय स्तंभ मात्र मोजू नयेत. स्तंभांखालची नावं दिसतात का, हेही बघावं. ती नसतील तर कदाचित आलेख मुळात शून्यापासून असेल आणि खालचा भाग पुढे पाठवणाऱ्याने कापला असेल. मग दोष आलेख काढणाऱ्याचा नाही. आकडे जवळजवळचे आणि पूर्णांकात लिहिलेले असतील तर उत्तरावर फार भिस्त ठेवू नये. वर ३५ आणि ३६ लिहिलं आहे पण खरे आकडे ३५.४ आणि ३५.६ असतील, आणि एक स्तंभ दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर हिशेबातून तळ ३४ येईल. प्रत्यक्षात तो ३५.२ असेल.

शून्याचा आग्रह मी फक्त स्तंभांपुरता धरते. तापाचा तक्ता रेषेने काढतात. ९८.६ वरून १०३ अंशांवर गेलेला ताप शून्यापासूनच्या अक्षावर काढला तर रेषा जवळपास सपाट दिसेल आणि घरचे निर्धास्त झोपतील. रेषा किंवा ठिपके आकडा जागेवरून सांगतात, लांबीवरून नाही, म्हणून तिथे अक्ष कुठूनही सुरू झाला तर चालतं. फारनहाइटचं शून्य म्हणजे ‘ताप नाही’ असंही नव्हे. कराचं शून्य मात्र खरं शून्य आहे, त्याचा अर्थ ‘कर नाही’ असाच होतो.

आलेखाने फरक फुगवला हे सिद्ध झालं, तरी मुळातला फरक लहान की मोठा हे त्यातून ठरत नाही. ते ठरवायला कराचाच हिशेब मांडावा लागतो. २०१३ पासून ३९.६ टक्क्यांचा दर खरोखर लागू झाला, पण एकट्या करदात्याच्या बाबतीत तो ४ लाख डॉलरच्या वरच्या करपात्र उत्पन्नालाच होता. ज्याचं असं उत्पन्न ५ लाख डॉलर, त्याच्या वरच्या १ लाखावर ४.६ टक्के जास्त लागले. बाकीचे बदल बाजूला ठेवले तर या दरवाढीमुळे त्याला ४,६०० डॉलर जादा भरावे लागले. त्याच्या एकूण करपात्र उत्पन्नाच्या शेकडा एकाहून ही रक्कम कमी आहे.