आलेख छापलाच नाही, तरी रेषा काढता येते

माझी भाची बारावीला आहे. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत ती दिवसभर बसते आणि संध्याकाळी घरी जाताना आमच्याकडे डोकावते. परवा आली ती झेरॉक्सचा एक कागद नाचवतच. "मामा, हा प्रश्न सोडवायचा कसा? आकृतीच नाहीये." कागदावर खरंच एक रिकामी चौकट होती. मूळ पानावरचा फिका आलेख झेरॉक्समध्ये पार उडाला होता. खाली प्रश्न मात्र स्वच्छ उमटला होता:

सोबतच्या आलेखात सीझियम आणि जस्त या धातूंसाठी स्टॉपिंग पोटेन्शियल विरुद्ध वारंवारता अशा दोन रेषा P आणि Q दाखवल्या आहेत. (अ) कोणती रेषा कोणत्या धातूची? (आ) दोन्ही रेषांच्या चढांचं गुणोत्तर किती? (इ) 1.2 × 10¹⁵ हर्ट्झच्या प्रकाशासाठी दोन्ही धातूंचं स्टॉपिंग पोटेन्शियल काढा.

मी तिला म्हटलं, "यातले दोन प्रश्न आकृतीशिवाय सुटतात. उरलेला एक कुणालाच सुटणार नाही. तो कोणता, ते आधी ओळख."

हा आलेख इतर बहुतेक आलेखांसारखा नाही. पुण्याच्या पावसाचा आलेख हरवला तर तो आठवणीतून कुणी काढू शकणार नाही, कारण त्यातला प्रत्येक ठिपका मोजूनच मिळालेला असतो. इथे रेषा किती कललेली आहे, हे कुठल्याच प्रयोगशाळेच्या किंवा धातूच्या हातात नाही. आलेख हरवला तरी कल हरवत नाही.

धातूवर प्रकाश पडतो तेव्हा एक फोटॉन एका इलेक्ट्रॉनला आपली सगळी ऊर्जा देतो. ही ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणात असते, म्हणजे hν. तिच्यातला काही भाग इलेक्ट्रॉनला धातूच्या पृष्ठभागातून सुटण्यासाठी खर्चावा लागतो. त्याला वर्क फंक्शन म्हणतात, मराठी पुस्तकांत कार्यफलन, आणि ते φ या अक्षराने लिहितात. उरलेली ऊर्जा घेऊन इलेक्ट्रॉन धावतो. समोरच्या पट्टीला ऋण विद्युतदाब देत गेलं की एका क्षणी सगळ्यांत वेगवान इलेक्ट्रॉनही तिथवर पोचत नाही आणि प्रवाह शून्य होतो. तो दाब म्हणजे स्टॉपिंग पोटेन्शियल. हा हिशेब आइन्स्टाइनने 1905 साली मांडला:

V₀ = (h/e)ν − φ/e

ही सरळ रेषेची मांडणी आहे. चढ h/e. त्यात धातूचं नावसुद्धा नाही. h प्लँकचा स्थिरांक आणि e इलेक्ट्रॉनचा प्रभार. म्हणून (आ)चं उत्तर एक. सीझियम असो, जस्त असो, रेषा समांतरच. धातू फक्त रेषेला डावीकडे-उजवीकडे सरकवतो.

h/e ची किंमत 4.14 × 10⁻¹⁵ व्होल्ट-सेकंद. या रूपात ती कुणाच्याच लक्षात राहत नाही. मी मुलांना ती वेगळी करून देतो: वारंवारता 1 × 10¹⁴ हर्ट्झने वाढली की स्टॉपिंग पोटेन्शियल 0.41 व्होल्टने वाढतं. एवढं डोक्यात असलं की कोरा कागद पुरतो.

आम्ही आलेखवही काढली. तिने सवयीप्रमाणे उगमबिंदू अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यात धरला. मी थांबवलं. या रेषा शून्याच्या बऱ्याच खालून निघतात, तेव्हा खाली जागा हवी. आडव्या अक्षावर एक सेंटीमीटर म्हणजे 10¹⁴ हर्ट्झ आणि उभ्या अक्षावर एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा व्होल्ट असं प्रमाण घेतलं, तर जस्तासाठी उगमबिंदूच्या खाली जवळजवळ नऊ सेंटीमीटर लागतात. पान उभं धरलं की बसतं.

सीझियमचं वर्क फंक्शन 2.14 इलेक्ट्रॉनव्होल्ट. तेव्हा वारंवारता शून्य असलेल्या जागी, उणे 2.14 व्होल्टवर, पहिला ठिपका. दुसरा ठिपका आडव्या अक्षावर, जिथे V₀ शून्य होतं. 2.14 ला 0.414 ने भागलं की 5.17 येतं, म्हणजे 5.17 × 10¹⁴ हर्ट्झ. ही सीझियमची उंबरठा वारंवारता, साधारण पिवळ्या प्रकाशाची. दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवून तिने रेषा ओढली. जस्ताचं वर्क फंक्शन सुमारे 4.3, त्याचा उंबरठा 10.4 × 10¹⁴ हर्ट्झ, म्हणजे थेट अतिनील किरणांत. 1888 साली हालवाक्सने जस्ताच्या पत्र्यावर अतिनील प्रकाश टाकून त्याचा ऋण प्रभार निघून जाताना पाहिला होता. दृश्य प्रकाशाला ते का जमत नाही, ते या एका आकड्यात दिसतं.

दोन्ही रेषांचा अक्षाखालचा भाग मी तिला तुटक काढायला लावला. तिथे इलेक्ट्रॉन बाहेर येतच नाहीत. तो भाग मोजलेला नसतो, वरची रेषा पट्टीने मागे वाढवून मिळवलेला असतो. पुस्तकांत कधीकधी तोही सलग छापतात आणि मुलांना वाटतं, शून्य वारंवारतेलाही कुणीतरी प्रयोग केलाय.

आता (इ). 12 × 0.4136 म्हणजे 4.96. त्यातून 2.14 वजा केले की सीझियमसाठी 2.82 व्होल्ट, आणि 4.3 वजा केले की जस्तासाठी 0.66 व्होल्ट. तिने आपल्या आलेखावर 12 च्या रेघेवर बोट वर नेलं: 5.6 सेंटीमीटर आणि 1.3 सेंटीमीटर. जुळलं. दोन रेषांमधलं उभं अंतर सगळीकडे तेवढंच, 2.16 व्होल्ट, म्हणजे दोन वर्क फंक्शनमधला फरक.

राहिला (अ). डावीकडची रेषा सीझियमची हे तर आता डोळ्यांसमोर आहे. पण तिच्यावर P लिहिलंय की Q, हे छापणाऱ्याने ठरवलेलं असतं, आणि भौतिकशास्त्रातून ते काढायला कुठलाच रस्ता नाही. भाची पटकन म्हणाली, "पहिलं नाव सीझियम, म्हणजे P सीझियमच." मी नको म्हटलं. असा अंदाज बरोबर निघाला तरी ते उत्तर नव्हे. तिथे लिहायचं: डावीकडची रेषा सीझियमची, उजवीकडची जस्ताची.

मग तिने विचारलं ते मला फार आवडलं. "प्रयोगशाळेत खरंच अशा दोन समांतर रेषा येतात का?"

व्होल्टमीटरवरचे आकडे जसेच्या तसे मांडले, तर नाही. नळीत दोन धातू असतात: प्रकाश पडतो तो, आणि इलेक्ट्रॉन गोळा करणारा. दोन्ही तारेने जोडलेले. दोन वेगळे धातू जोडले की त्यांच्या पृष्ठभागांमध्ये आपोआप विद्युतदाबाचा फरक तयार होतो, त्यांच्या वर्क फंक्शनमधल्या फरकाएवढा. याला संपर्क विभव म्हणतात. व्होल्टमीटरला तो दिसत नाही, इलेक्ट्रॉनला मात्र पार करावा लागतो. हिशेब मांडला की गंमत होते: उत्सर्जक धातूचं φ आधी एकदा वजा होतं, मग संपर्क विभवातून तेच परत मिळतं, आणि शेवटी उरतं ते गोळा करणाऱ्या धातूचं φ. म्हणजे गोळा करणारी पट्टी तीच ठेवून सीझियम बदलून जस्त लावलं, तरी मोजलेले ठिपके एकाच रेषेवर पडतात. फरक एवढाच की जस्ताचे ठिपके 10.4 च्या पुढे सुरू होतात. पुस्तकातल्या दोन रेषा संपर्क विभवाची दुरुस्ती केल्यानंतरच्या असतात.

कॉलेजच्या प्रात्यक्षिकात रेषा मागे वाढवून "धातूचं वर्क फंक्शन" काढतात आणि ते पुस्तकाशी जुळत नाही, तेव्हा मुलं आपल्या वाचनाला दोष देतात. पुष्कळदा वाचन ठीक असतं, त्यांनी दुसऱ्याच पट्टीचं मोजलेलं असतं. चढ मात्र यातून सुखरूप राहतो, कारण संपर्क विभव वारंवारतेवर अवलंबून नसतं. त्यामुळे सगळी रेषा तेवढीच वर किंवा खाली सरकते.

मिलिकनने 1916 साली सोडियम आणि लिथियमवरची आपली मोजमापं प्रसिद्ध केली, तेव्हा हे संपर्क विभव त्याने वेगळं मोजलं होतं. धातूचा पृष्ठभाग हवेने मळू नये म्हणून निर्वात नळीच्या आतच, बाहेरून चुंबकाने फिरवलेल्या पात्याने, तो धातू तासून ताजा करायचा. फोटॉनची कल्पना त्याला तेव्हा पटलेली नव्हती. तरी त्याच्या रेषेच्या चढातून h आला 6.57 × 10⁻³⁴ ज्यूल-सेकंद. आज आपण 6.626 धरतो. पटत नसलेल्या समीकरणासाठी इतकं निगुतीने केलेलं काम पाहिलं की मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

रात्री भाचीचा फोन आला. मैत्रिणीकडून मूळ पानाचा फोटो मिळाला होता. डावी रेषा Q होती. "आणि मामा, यात सीझियमची रेषा उभ्या अक्षाला उणे अर्ध्या व्होल्टपाशी छेदते. म्हणजे φ अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्ट? आपलं चुकलं का?"

शुद्ध मूलद्रव्यांमध्ये सर्वांत कमी वर्क फंक्शन सीझियमचं, दोनाच्या थोडं वर. त्याच्याखाली अर्धा आला की शंका आकृतीवर घ्यायची. मी म्हटलं, "आडव्या अक्षाच्या डाव्या टोकाला कोणता आकडा छापलाय, तेवढं बघ."

थोडा वेळ शांतता. "चार. शून्य नाहीच, चारपासून सुरू केलाय." मग पेन्सिलीचा आवाज. "चार गुणिले शून्य पूर्णांक एक्केचाळीस... एक पूर्णांक चौसष्ट. त्यात अर्धा मिळवला की दोन पूर्णांक चौदा. आपलं बरोबर आहे."

तिने आपल्याच आलेखावर 4 च्या जागी एक उभी तुटक रेघ मारली आणि तिच्या टोकाशी लिहिलं: छापील अक्ष इथे.