ठसा जुळला म्हणजे काय सिद्ध झाले? बोटांचे ठसे आणि डीएनए पुराव्याची पार्श्वभूमी

कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि ‘आरोपीचा डीएनए जुळला’ अशी बातमी झळकली, की मुंबईत खटल्याचा निकाल लागल्यासारखेच बोलले जाते. न्यायालये मात्र अशा पुराव्याकडे सव्वाशे वर्षे जरा हात राखूनच पाहत आली आहेत.

१८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलीमुद्रा केंद्र सुरू झाले. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवून दिल्यामुळे हजारो नोंदींतून एक ठसा शोधून काढणे शक्य झाले होते. (श्रेय बराच काळ त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांनाच मिळत राहिले.) त्याच वर्षी जलपायगुडी जिल्ह्यातल्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला आणि पेटीतला ऐवज लुटला गेला. सामानात एक बंगाली पंचांग होते आणि त्याच्या निळ्या वेष्टनावर तपकिरी डाग होते. त्यांतला एक डाग पूर्वी चोरीत शिक्षा झालेल्या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याच्या नोंदीशी जुळला, आणि तो डाग रक्ताचा असल्याचे रासायनिक तपासणीत निघाले. तरीही १८९८ मध्ये न्यायालयाने त्याला चोरीबद्दल दोषी धरले, खुनाबद्दल नाही. रक्ताळलेला अंगठा पंचांगाला लागला एवढे ठशावरून सिद्ध होत होते. सुरी कोणी चालवली, हे त्यातून निघत नव्हते.

१८९९ मध्ये पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये ठशांचा समावेश झाला, तो तज्ज्ञाचे ‘मत’ म्हणून. पुढे १९६१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी ठरवले की आरोपीकडून ठसे घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे नव्हे. ठसे घेण्याचा मार्ग असा मोकळा झाला, पण त्यांचे वजन ठरवण्याचे काम न्यायाधीशाकडेच राहिले. बोटाचा ठसा केव्हा उमटला, हेही त्याच्याकडे पाहून खात्रीने सांगता येत नाही. घरात ज्याचे रोजचे येणे-जाणे आहे, त्याचा ठसा कपाटावर मिळाला तर त्याला जवळपास काहीच अर्थ नसतो. अनोळखी माणसाचा ठसा तिजोरीच्या आतल्या बाजूला मिळाला तर मात्र त्याने खुलासा द्यावाच लागतो.

डीएनएची पद्धत १९८४ मध्ये लेस्टर येथे ॲलेक जेफ्रीज यांनी शोधली, आणि गुन्हेतपासातला तिचा पहिला मोठा उपयोग झाला तो कबुली देऊन बसलेल्या एका तरुणाची सुटका करण्यासाठी. तिची खरी ताकदही तीच आहे. डाग एकाच माणसाचा असेल आणि संशयिताचे आकडे त्याच्याशी जुळत नसतील, तर तो डाग त्याचा नाही हे जवळजवळ निर्विवाद असते. हे आकडे म्हणजे डीएनएवरच्या ठरावीक जागी एखादा छोटा तुकडा किती वेळा पुन्हा आला आहे त्याची मोजणी असते. प्रत्येक जागी सर्वसाधारणपणे फार तर दोन आकडे दिसतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. अनेक जागी तीन-चार आकडे दिसू लागले, की नमुन्यात एकाहून अधिक माणसे मिसळली आहेत असे समजावे. तेव्हा ‘जुळला’ हा शब्द बराच सैल होतो. केवळ ‘वाय’ गुणसूत्राची तपासणी झाली असेल, तर वडील, मुलगा, भाऊ आणि सख्खा चुलतभाऊ यांच्यात भेद करणे बहुधा शक्य नसते. शिवाय, डाग कोणाचा हे कळले तरी तो तिथे कसा पोहोचला, हा जलपायगुडीचा प्रश्न शिल्लक राहतोच.

या सगळ्याआधी आणखी एक प्रश्न येतो, आणि वर्तमानपत्रांत त्याची चर्चा क्वचितच होते: प्रयोगशाळेने तपासलेली पुडी घटनास्थळावरचीच होती का? ठाणे जिल्ह्यातल्या २०१० च्या एका बालिकेच्या हत्येच्या खटल्यात सत्र न्यायालयाने दिलेली फाशी मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली होती. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून आरोपीला सोडले. डीएनए अहवाल आरोपीच्या विरोधात होता. पण नमुने पाठवण्यात झालेल्या विलंबाचा खुलासा नव्हता, आणि मधल्या काळात ते सुरक्षित ठेवले होते असे एकाही पोलिसाने साक्षीत सांगितले नव्हते. पुडीचा प्रवासच अंधारात असल्यामुळे न्यायालयाने अहवालावर विसंबण्यास नकार दिला. यंत्राने चूक केली असे कोणी म्हटले नव्हते. यंत्रासमोर काय ठेवले गेले, याचीच खात्री नव्हती.

जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी देशभर नियम घालून दिले: नमुना गोळा केल्यापासून ४८ तासांत तो प्रयोगशाळेत पोहोचावा, उशीर झाला तर कारण नोंदवावे, खटला वा अपील प्रलंबित असताना जपून ठेवलेल्या नमुन्याचे सील न्यायालयाच्या परवानगीशिवाय उघडू नये आणि नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंदवही खटल्याच्या कागदपत्रांत असावी. त्यामुळे कलिन्याचा अहवाल हाती आल्यावर जाणता वकील जुळणीचे पान उलटण्याआधी पुडीवरच्या सीलचे वर्णन पंचनाम्यातल्या वर्णनाशी ताडून पाहतो, आणि मग मुद्देमाल नोंदवहीतल्या तारखा.