0.2 लहान, 0.5 मध्यम, 0.8 मोठा: हे शेरे आले कुठून?

शिक्षणातल्या एखाद्या प्रयोगाचा रिपोर्ट उघडला की शेवटी हमखास एक ओळ असते, "इफेक्ट साइझ 0.28, म्हणजे स्मॉल". वाचणारा मान हलवतो आणि पुढे जातो. तो "स्मॉल" शेरा मुळात या कामासाठी बनलाच नव्हता, म्हणून जरा मागे जाऊन बघू.

जेकब कोहेन हे न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्रज्ञ. 1962 साली त्यांनी एका नामांकित जर्नलचे 1960 सालचे 70 पेपर घेतले आणि एकच प्रश्न विचारला, की खरंच फरक असेल तर तो पकडण्याची या अभ्यासांची ताकद किती? ती ताकद म्हणजे पॉवर, आणि ती काढायची तर आधी गृहीत धरावं लागतं की फरक केवढा आहे. तेवढ्यासाठी त्यांनी तीन आकडे धरले, 0.25, 0.50 आणि 1.00. निघालं असं की मध्यम फरक धरला तर सरासरी पॉवर 0.48, म्हणजे फरक असूनही तो हाती लागेल की नाही हे जवळजवळ नाणं उडवण्यासारखंच. पुढे 1969 च्या पुस्तकात त्यांनी हेच आकडे 0.2, 0.5, 0.8 असे बदलले. म्हणजे आज दगडावरची रेघ वाटणारे आकडे सात वर्षांत खुद्द त्यांनीच हलवलेत!

इफेक्ट साइझचं, म्हणजे कोहेनच्या डीचं, सूत्र सोपं आहे:

```
d = (M1 - M2) / SD
```

दोन गटांच्या सरासरीतला फरक काढायचा आणि त्याला स्टँडर्ड डेव्हिएशनने, म्हणजे गुण किती पसरलेत त्या मापाने, भागायचं. लोकांना अंदाज यावा म्हणून कोहेननी मुलींच्या उंचीचं उदाहरण दिलं: 15 आणि 16 वर्षांच्या मुलींमधला फरक म्हणजे 0.2, 14 आणि 18 मधला 0.5, तो साधारण एक इंच, आणि 13 आणि 18 मधला 0.8. सोबत ठळक इशारा होता की हे आकडे फक्त दुसरा काही आधार नसेल तेव्हा वापरा. पण इशारा मागे राहिला आणि तक्ता पुढे गेला. वापरायला सोपं ते टिकतं, दुसरं काय.

1976 साली जीन ग्लास यांनी मेटा-अ‍ॅनालिसिस हा शब्द आणला आणि वेगवेगळ्या अभ्यासांचे डी एकत्र करून सरासरी काढायची पद्धत रुळली. इथे शेऱ्याचं काम बदललं. सॅम्पल किती घ्यायचं हे ठरवायला केलेला अंदाज आता निकालावर मारायचा शिक्का झाला. ग्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये स्पष्ट लिहिलंय की डीच्या आकड्यांना अशी विशेषणं चिकटवण्यात काही शहाणपण नाही, पण ते कोण ऐकतंय.

अडचण कुठे आहे ते भागाकाराच्या खालच्या बाजूला बघा. समजा एका प्रयोगात मुलांचे गुण सरासरी 5 ने वाढले. सगळ्या थरांतली मुलं घेतली, गुणांचा पसारा 25, तर डी 0.2, म्हणजे "लहान". तेच 5 गुण, पण चाचणीत फक्त एकसारख्या पातळीची मुलं घेतली आणि पसारा 10 वर आला तर डी 0.5, "मध्यम". मुलं शिकली तेवढीच, शेरा मात्र वर चढला.

आणखी एक खोड म्हणजे एकाच मुलांचं आधी आणि नंतर मोजलं की काही जण गुणांच्या पसाऱ्याऐवजी बदलाच्या पसाऱ्याने भागतात. आधीच्या आणि नंतरच्या गुणांचा कोरिलेशन 0.9 असेल तर 0.3 चा डी असा भागून 0.67 होतो! पेपरमध्ये दोघांनाही "कोहेनचा डी"च म्हणतात, म्हणून अभ्यास शेजारी शेजारी ठेवण्याआधी मेथडमध्ये कशाने भागलंय ते शोधायचं, आणि लिहिलेलंच नसेल तर तो आकडा तुलनेतून बाजूला काढायचा.

आता घरचं उदाहरण घेऊ. प्रथम संस्थेचा बालसखी कार्यक्रम मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांमध्ये झाला, बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडन यांनी त्याचा रँडम प्रयोग करून 2007 मध्ये निकाल छापला. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी, मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर नेऊन रोज दोन तास वाचन आणि गणिताचा पाया पक्का करून घ्यायची. दुसऱ्या वर्षी परिणाम 0.28. कोहेनच्या तक्त्यात हा "लहान".

पण हा 0.28 कोणाचा? बालसखीकडे गेलेल्या मुलांचा नाही, तर ज्या इयत्तेत कार्यक्रम होता तिथल्या सगळ्या मुलांचा, जी वर्गातच बसून राहिली त्यांच्यासकट. फायदा मुख्यतः तळातल्या मुलांना झाला आणि सरासरीत तो पातळ झाला, डाळीत पाणी वाढवल्यासारखा. त्याच पेपरमध्ये वडोदऱ्यातल्या कॉम्प्युटरवरच्या गणिताच्या कार्यक्रमाचा परिणाम 0.47 आहे, शेऱ्याने बघितलं तर तोच सरस. पण तो फक्त गणिताचा आकडा, आणि खर्च दर मुलामागे वर्षाला साधारण 722 रुपये, बालसखीचा 107. आणि हे आकडे वर्ष संपतानाचे. कार्यक्रम थांबल्यावर एक वर्षाने, ज्या मुलांसाठी तो होता त्यांच्यातला फायदा 0.10 च्या आसपास उतरला होता. मग "परिणाम" कुठला म्हणायचा, वर्ष संपतानाचा की त्यानंतर एका वर्षाचा? एका विशेषणात हे मावत नाही.

वयाचीही गोष्ट आहे. 2008 मध्ये ब्लूम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चाचण्यांवरून काढलं की पहिलीतून दुसरीत जाताना मुलाचं वाचन एका वर्षात 0.97 ने वाढतं आणि अकरावीतून बारावीत जाताना फक्त 0.06 ने. म्हणजे 0.1 चा परिणाम लहान मुलाच्या बाबतीत महिना-सव्वा महिन्याची वाढ, आणि मोठ्याच्या बाबतीत दीड वर्षाहून जास्त. तरी तक्ता दोघांना "लहान"च म्हणणार, त्यातही 0.2 च्या खाली म्हणून बऱ्याचदा "नगण्य".

यावर उपाय म्हणून मॅथ्यू क्राफ्ट यांनी 2020 मध्ये शाळांमधले 747 रँडम प्रयोग तपासून नवे उंबरठे सुचवले. प्रमाणित चाचण्यांवर 0.05 च्या खाली लहान, 0.05 ते 0.20 मध्यम, 0.20 च्या वर मोठा, आणि सोबत खर्च पण बघा म्हणाले. या हिशोबात बालसखीचा 0.28 एकदम "मोठा" ठरतो. फक्त क्राफ्टचे उंबरठे बहुतांशी अशा प्रयोगांवर उभे आहेत जिथे चाचणी आणि शिकवलेलं यांचा थेट मेळ नसतो, आणि बालसखीची चाचणी पहिली ते चौथीच्या पायाभूत कौशल्यांची होती, म्हणजे वर्गात जे घोटून घेतलं तेच विचारणारी. अशा चाचणीवर आकडा जास्त येतोच. म्हणजे क्राफ्टचा शेरा मारायचा तरी 0.28 च्या शेजारी चाचणीचा प्रकार लिहावा लागेल, आणि तो कुणी लिहीत नाही.