हळद, फोडणी आणि ओट्याचा दगड

ऐरोलीला माझ्या वहिनीच्या पांढऱ्याशुभ्र क्वार्ट्झच्या ओट्यावर एक पिवळट तपकिरी कडं आहे, वाटीच्या बुडाएवढं. नवा ओटा बसवून महिनाही झाला नव्हता. वरणाला फोडणी घातली, लोखंडी कढली तशीच ओट्यावर टेकवली आणि ती दार उघडायला गेली. परत येईपर्यंत कडं उमटलं होतं. घासून झालं, लिंबू झालं, बेकिंग सोडा झाला, तरी ते जाईना. दुकानदार म्हणाला, "मॅडम, गरम भांडं ठेवायचं नसतं." हे त्याने विकताना सांगितलं नव्हतं. विकताना तो म्हणाला होता, "ग्रॅनाइटपेक्षा भारी."

आमच्या ठाण्याच्या घरातला ओटा बदलायचा होता, म्हणून मी यात जरा खोलात शिरले. लक्षात आलं की ग्रॅनाइट, क्वार्ट्झ आणि टाइल या तिघांतही कठीण कण सहसा दगा देत नाहीत. बिघडतं ते त्यांच्या मधल्या जागेत, आणि ही मधली जागा तिघांत वेगवेगळी असते.

ग्रॅनाइट म्हणजे जमिनीखाली सावकाश थंड झालेला शिलारस. त्यातले क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रकाचे स्फटिक एकमेकांत घट्ट रुतलेले असतात, तरी त्यांच्यामध्ये केसाहून बारीक फटी राहतातच. तेल त्या फटींतून आत झिरपतं. वहिनीच्या क्वार्ट्झमध्ये फटी जवळजवळ नसतात, कारण तो अखंड दगड नाहीच. क्वार्ट्झचा चुरा आणि पॉलिएस्टर रेझिन कालवून, हवा ओढून घेऊन, दाबून आणि भाजून ती लादी कारखान्यात बनते. जाहिरातीत "93 टक्के नैसर्गिक क्वार्ट्झ" असं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण ते वजनाने आहे. रेझिन हलकं असल्यामुळे आकारमानाने पाहिलं तर लादीचा सहावा-सातवा भाग प्लास्टिक असतो. म्हणजे कढली टेकली ती बऱ्यापैकी प्लास्टिकवर.

आता तापमान पाहू. शिट्टी होताना कुकरच्या आत साधारण 120 अंश सेल्सिअस असतात. फोडणीचं तेल 180 ते 200 पर्यंत जातं आणि भाकरीचा तवा त्याच्याही पुढे. पॉलिएस्टर रेझिन शंभरच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि दीडशेच्या पुढे त्याचा रंग बदलू लागतो. ते कडं म्हणजे करपलेलं रेझिन, डाग नव्हेच. पुसायला वर काही उरलेलंच नाही, मग घासून जाणार काय?

दुसरा धोका तड्याचा. तापल्यावर रेझिन क्वार्ट्झच्या कितीतरी पट फुगतं, त्यामुळे अख्खी लादीही ग्रॅनाइटपेक्षा जास्त पसरते. भांड्याखालचा भाग फुगू पाहतो, भोवतालचा थंड भाग त्याला जागा देत नाही आणि ताण वाढत जातो. तडा बहुतेकदा सिंकच्या किंवा शेगडीच्या कटिंगच्या कोपऱ्यातून निघतो, कारण ताण तिथे एकवटतो. म्हणून कटिंगचे कोपरे काटकोनी न ठेवता थोडे गोल कापून घ्यावेत. ग्रॅनाइटलाही हाच नियम, कारण सिंकपुढची चार बोटांची पट्टी त्यातही नाजूकच असते. एरवी फोडणीच्या कढलीने ग्रॅनाइटला काही होत नाही. टाइल तर भट्टीत बाराशे अंशांच्या आसपास भाजून निघालेली असते, तिला कढलीचं काय कौतुक!

डागांसाठी मी घरीच प्रयोग केला. घोडबंदर रोडवरच्या दुकानातून करड्या ग्रॅनाइटचा आणि पांढऱ्या क्वार्ट्झचा एकेक तुकडा मागून आणला. दोन टाइल्सच्या तुकड्यांमधली फट अर्धी सिमेंटच्या ग्राउटने भरली, अर्धी इपॉक्सीने. सगळ्यांवर तेलात कालवलेली हळद लावून रात्रभर ठेवली.

सकाळी ग्रॅनाइटवर पिवळा रंग फारसा नव्हता, पण तेलाचा ओलसर गडद ठिपका होता. क्वार्ट्झवर फिकट पिवळी झाक राहिली. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात विरघळतं आणि रेझिनलाही चिकटतं. साबण लावला तर झाक लालसर झाली! घाबरू नका. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कात हळद लाल होते, आपलं कुंकू पूर्वी हळदीला चुना लावून करायचे तसंच. कर्क्युमिनला ऊन सोसत नाही, म्हणून तुकडा बाल्कनीत ठेवला आणि तीन दिवसांत झाक गेली. ओटा मात्र बाल्कनीत नेता येत नाही, आणि सततच्या कडक उन्हाने रेझिनही पिवळं पडतं.

टाइल स्वच्छ पुसली गेली. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. सिमेंटची रेघ मात्र विटकरी झाली आणि तशीच राहिली, कारण सिमेंट सच्छिद्रही आणि अल्कधर्मीही. शिवाय लिंबू, चिंच, कोकम यांचं आम्ल ते हळूहळू खातं. इपॉक्सीची रेघ जरा पिवळसर झाली, पण खूपच बरी.

ग्रॅनाइटवरच्या तेलाच्या ठिपक्यावर बेकिंग सोड्याचा घट्ट लेप लावून, वर प्लास्टिक चिकटवून दिवसभर ठेवला. दोनदा केल्यावर ठिपका निघाला. ग्रॅनाइट घेताना दुकानातच पाण्याचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबावं. खालचा दगड गडद झाला तर तो पितो, त्याला फटी बुजवणारा सीलर लागणार. काळा दगड असेल तर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवावा, बोळा काळा झाला तर दगड रंगवलेला आहे. अस्सल काळा "ग्रॅनाइट" भूशास्त्राच्या भाषेत बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो आणि तो करड्या-गुलाबी ग्रॅनाइटपेक्षा कमी पितो.

आता पैसे. आमचा ओटा एल आकाराचा, 14 रनिंग फूट, दोन फूट रुंद, म्हणजे 28 चौरस फूट. आम्हाला काळ्या ग्रॅनाइटचा भाव 200 रुपये फूट मिळाला, क्वार्ट्झचा 500, टाइलचा 80. नुसता माल धरला तर 5,600, 14,000 आणि 2,240. पण क्वार्ट्झवाल्याने अख्खी लादीच घ्यायला सांगितली, 10 बाय 5 फुटांची, म्हणजे 25,000. टाइलला खाली कडप्पा किंवा स्लॅब लागतो, कडा 45 अंशांत घासून जोडाव्या लागतात आणि मजुरी मालाच्या वर जाते. त्या जोडलेल्या कडेवर खलबत्ता आपटला की टवका उडतोच. हल्ली 15 मिलिमीटर जाडीच्या मोठ्या टाइल-लाद्या मिळतात, त्यांत सांधे जवळजवळ नसतात. पण कडेचं दुखणं तेच, आणि दर पाहिल्यावर स्वस्ताईची गोष्ट संपते.

कटिंगबद्दलही सांगायला हवं. क्वार्ट्झ कोरडा कापला की सिलिकाची बारीक धूळ उडते आणि ती कारागिराच्या फुप्फुसात कायमची बसते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक मुलगा तोंडाला रुमाल बांधून ग्राइंडर चालवत होता. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतेच, पण बरीच कमी. पाणी मारून कापायला सांगायचं, चिखल झाला तरी चालेल.

आम्ही काळा ग्रॅनाइट घेतला, कटिंगचे कोपरे गोल करून. वहिनीने त्या कड्यावर मिक्सर ठेवलाय, आणि पाहुणे आले की चटणी दुसरीकडे वाटते.